स्ट्रायकर परतला की विंगरच्या शॉट्सचा भाव कसा बदलतो: एक प्रकरण अभ्यास

समोर एका फुटबॉल सामन्यासाठी एकाच खेळाडूवरच्या पैजांचे तीन भाव आहेत. अडीच शॉट्सच्या लाइनवर ओव्हर १.९० आणि अंडर १.८३, किमान एक शॉट ऑन टार्गेटला १.६०, किमान दोनला ४.००. खेळाडू डावखुरा आहे, उजव्या बाजूने खेळतो आणि आत वळून मारतो. संघ घरच्या मैदानावर आहे. प्रतिस्पर्धी तळाकडचा आहे आणि पाच बचावपटू ठेवून बॉक्सच्या तोंडाशी बसतो. खेळाडूचा हंगामातला हिशोब ९० मिनिटांमागे बरोबर ३ शॉट्सचा आहे. गेल्या सहा सामन्यांत त्याने १९ शॉट मारले, त्यातले १० लक्ष्यावर होते.

एवढ्या माहितीवर बहुतेक जण ओव्हर घेतील. सरासरी ३, लाइन २.५, प्रतिस्पर्धी भरपूर शॉट देणारा, शिवाय फॉर्मही चांगला. पॉइसन वितरणात सरासरी ३ घातली तर तीन किंवा जास्त शॉट्सची शक्यता ५७.७ टक्के येते, म्हणजे रास्त भाव १.७३. मिळतोय १.९०. कुणी आणखी पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्यासाठी वीस टक्के वाढवून ३.६ धरेल, मग रास्त भाव १.४३ वर येतो आणि १.९० म्हणजे लॉटरीच वाटते.

आकडे खरे असूनही हा निष्कर्ष चुकीचा आहे. खेळाडू आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण असा घोळ दर आठवड्याला कुठे ना कुठे असतो. मुख्य स्ट्रायकर दुखापतीमुळे सहा सामने बाहेर होता, तेव्हा हा विंगर मधे खेळला आणि पेनल्टीही त्यानेच मारल्या. आज स्ट्रायकर परततोय. हंगामाच्या सरासरीत दोन वेगळ्या कामांचे आकडे मिसळलेले आहेत, आणि ज्या कामासाठी भाव काढायचा आहे त्याचे आकडे त्यात दबले गेलेत.

आधी आकडे सोडवून घ्या

हंगामात २२ सामने, १,६२० मिनिटे, म्हणजे नव्वद मिनिटांचे १८ तुकडे. एकूण ५४ शॉट, त्यातले २१ लक्ष्यावर. पहिल्यांदा पेनल्टी बाजूला काढायच्या. तीन होत्या, तिन्ही लक्ष्यावर. पेनल्टी कोण मारणार हे संघात ठरलेलं असतं आणि खेळाच्या ओघाशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणून ती सरासरीत ठेवली की दोन्ही आकडे फुगतात. शॉट्स ऑन टार्गेटचा तर जास्तच, कारण बहुतेक पेनल्टी गोलकडेच जातात. आज पेनल्टी परतलेला स्ट्रायकर मारणार, त्यामुळे या तीन पूर्णपणे वजा. उरले ५१ शॉट, १८ लक्ष्यावर.

आता हे ५१ भूमिकेनुसार वाटा. विंगर म्हणून नव्वद मिनिटांचे १३ तुकडे, ३५ शॉट, ११ लक्ष्यावर. स्ट्रायकर म्हणून ५ तुकडे, १६ शॉट, ७ लक्ष्यावर. म्हणजे मधे खेळताना ९० मिनिटांमागे ३.२ आणि बाजूला खेळताना २.७. ज्या ‘३’वर सगळे विसंबले होते तो आकडा विंगरचाही नाही आणि स्ट्रायकरचाही नाही.

ही विभागणी करताना लाइनअपच्या चित्रावर विश्वास ठेवू नये. कागदावर ४-३-३ मधला उजवा विंगर प्रत्यक्षात दुसरा स्ट्रायकर असू शकतो, आणि सामन्याच्या मध्यात बदल झाला की एकाच सामन्यात दोन भूमिका निघतात. शॉट कुठून मारले आणि चेंडूला स्पर्श कुठे झाले याचा नकाशा पाहिला की दहा मिनिटांत कळतं. बॉक्सच्या आतल्या मधल्या पट्ट्यात स्पर्श वाढले असतील तर तो स्ट्रायकरच, टीमशीट काहीही म्हणो.

शॉट्स नाही, वाटा मोजा

खेळाडूची ९० मिनिटांमागची सरासरी थेट वापरली की संघ आणि खेळाडू यांची सरमिसळ होते. संघाने मोठ्या संघांविरुद्ध आठ शॉट मारले असतील आणि दुबळ्यांविरुद्ध वीस, तर खेळाडूचा आकडा त्या वेळापत्रकावर हलतो. म्हणून प्रश्न दोन तुकड्यांत विचारायचा: आज संघ किती शॉट मारेल, आणि त्यातला किती हिस्सा या माणसाचा?

वाटा काढताना छेदात संघाचे पूर्ण सामन्याचे शॉट घ्यायचे नाहीत. तो मैदानावर असतानाचेच घ्यायचे. ही चूक फार होते आणि लवकर बदलल्या जाणाऱ्या खेळाडूंचा वाटा त्यामुळे खोटा कमी दिसतो. पुढे मिनिटांचा गुणक लावला की तोच दंड दुसऱ्यांदा बसतो.

विंगर म्हणून तो मैदानावर असताना संघाचे, पेनल्टी वगळून, १८२ शॉट झाले. त्यातले ३५ त्याचे, म्हणजे १९.२ टक्के. स्ट्रायकर म्हणून ६७ पैकी १६, म्हणजे २३.९ टक्के. दोन्ही आकडे छोट्या नमुन्याचे आहेत, त्यामुळे त्यांना भूमिकेच्या सर्वसाधारण पातळीकडे थोडं ओढावं लागतं. आत वळून मारणाऱ्या विंगरसाठी या उदाहरणात १६.५ टक्के ही पातळी धरली आहे. प्रत्यक्षात ती त्या त्या लीगमधल्या तशाच खेळाडूंवरून काढावी. या पातळीला ९० संघ-शॉट्सएवढं वजन दिलं:

```
(35 + 0.165 × 90) / (182 + 90) = 0.183
```

म्हणजे १८.३ टक्के. नव्वद हा आकडा आकाशातून पडलेला नाही, पण दगडावरची रेघही नाही. मागच्या हंगामांत वाटा पहिल्या अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात किती टिकला हे तपासून तो ठरवायचा. टिकाऊपणा जास्त दिसला तर वजन कमी करा, कमी दिसला तर वाढवा.

इथे एक सापळा आहे. ‘स्ट्रायकर परतलाय, म्हणून विंगरचा वाटा अजून कमी करू’ असं वाटणं साहजिक आहे. पण विंगर म्हणून खेळलेल्या त्या १३ तुकड्यांत स्ट्रायकर मैदानावर होताच. त्याचा परिणाम १८.३ टक्क्यांत आधीच बसलेला आहे. पुन्हा वजा केला तर एकाच कारणाची किंमत दोनदा मोजली जाते.

प्रतिस्पर्ध्याची शैली: शॉट वाढतात, पण कुणाचे आणि कुठून?

प्रतिस्पर्धी सामन्यामागे १५.१ शॉट देतो, लीगची सरासरी १२.६ आहे. गुणोत्तर १.२० येतं. हे गुणोत्तरही जसंच्या तसं वापरायचं नाही, कारण कुणाकुणाशी खेळले यावर त्यातला काही भाग अवलंबून असतो. साठ टक्के ठेवून १.१२ धरला. आपल्या संघाची सरासरी पेनल्टी वगळून १३.८. घरच्या मैदानाचे सहा टक्के वाढवले की १६.४ होतात.

यातून थोडे वजा करावे लागतात, कारण स्कोअर पुढे गेला की संघाची घाई संपते. पिछाडीवरचा संघ जास्त मारतो, आघाडीवरचा कमी. आपला संघ स्पष्ट पसंतीचा आहे, लवकर गोल झाला तर शेवटची अर्धी वेळ शांत जाऊ शकते. हंगामाच्या सरासरीत हा परिणाम काही प्रमाणात आहेच, म्हणून फक्त किरकोळ छाट देऊन १६ ठेवले. बाजारात संघाच्या एकूण शॉट्सची लाइन उपलब्ध असेल तर या आकड्याची ताबडतोब तिच्याशी तुलना करावी. आपले १६ आणि बाजाराचे १३.५ असा फरक निघाला तर आधी आपलंच गणित पुन्हा तपासायचं. संघाच्या शॉट्सची लाइन खेळाडूंच्या लाइनपेक्षा सहसा नीट ठरवलेली असते.

आता खरा मुद्दा. पाच बचावपटूंच्या खोल बचावासमोर वाढलेले शॉट सगळ्यांना सारखे वाटले जात नाहीत. ५-४-१ मध्ये आत वळणाऱ्या विंगरसमोर विंग-बॅक असतो, त्याच्या मागे बाजूचा सेंटर-बॅक आणि पुढून मागे धावत येणारा मिडफिल्डर. त्याची आवडती वाट, म्हणजे डाव्या पायावर घेऊन दूरच्या कोपऱ्यात मारणं, नेमकी तिथेच गर्दी असते. चेंडू मग फिरत फिरत बॉक्सबाहेर मिडफिल्डरकडे येतो, कॉर्नर वाढतात, आणि कॉर्नरवर हेडर सेंटर-बॅक मारतात. संघाचे शॉट वाढतात ते बऱ्याच अंशी या लोकांचे. म्हणून विंगरच्या वाट्याला ०.९५ ने गुणलं: १७.४ टक्के, किंचित खाली १७.३ धरले.

उंच बचावरेषा ठेवणारा प्रतिस्पर्धी असता तर चित्र उलटं झालं असतं. संघाचे एकूण शॉट कदाचित कमी, पण मागच्या मोकळ्या जागेत धावणाऱ्या विंगरचा वाटा जास्त आणि शॉट गोलच्या जवळून. ‘हा संघ जास्त शॉट देतो’ एवढंच वाक्य खेळाडूच्या भावासाठी अर्धवट आहे ते यामुळे.

०.९५ हा गुणक कुठून आला असं कुणी विचारलं तर उत्तर आहे: याच लीगमधले असे विंगर पाच बचावपटूंच्या संघांविरुद्ध कसे खेळले ते पाहून. एकट्या या खेळाडूचे तशा संघांविरुद्धचे तीन-चार सामने बघून तो काढू नये. तेवढ्यात दहा-बारा शॉट असतात आणि एका सामन्यातले पाच शॉट सगळं चित्र फिरवतात.

मिनिटे

तो सुरुवातीपासून खेळणार हे गृहीत आहे. विंगर म्हणून सुरुवात केलेल्या सामन्यांत सरासरी ८० मिनिटे खेळलाय. आज संघ आघाडीवर जाण्याची शक्यता जास्त, आणि आघाडीवर असताना प्रशिक्षक पहिला बदल बाजूलाच करतात. एक सरासरी आकडा धरण्यापेक्षा वाटप लिहून काढणं बरं: तीस टक्के वेळा पूर्ण ९०, पस्तीस टक्के वेळा ८०, सत्तावीस टक्के वेळा ७०, पाच टक्के वेळा ६०, आणि तीन टक्के वेळा दुखापत किंवा लाल कार्डामुळे अर्ध्या तासातच बाहेर. सरासरी ७८ मिनिटे पडते.

अठ्ठ्याहत्तर भागिले नव्वद म्हणजे ०.८७. पण शॉट सामन्यात समान पसरलेले नसतात. शेवटच्या टप्प्यात पाय थकतात, जागा मोकळी होते, आणि भरपाईची मिनिटेही त्याच टोकाला जोडलेली असतात. जो ७८व्या मिनिटाला बाहेर जातो तो सामन्याचा सर्वात जास्त शॉटांचा तुकडा गमावतो. म्हणून गुणक ०.८५.

सगळं एकत्र केलं:

```
16 × 0.173 × 0.85 = 2.35
```

अपेक्षित शॉट २.३५. सुरुवातीच्या ३ पासून आपण इथवर आलो, तेही प्रतिस्पर्धी ‘सोपा’ असताना. कोणत्या पायरीने किती हलवलं हे कागदावर दिसतं, आणि या पद्धतीचा खरा उपयोग तोच आहे: वाद घालायचा तर नेमक्या पायरीशी घालता येतो. वाट्यात एक टक्का इकडेतिकडे झाला तर ०.१४ शॉटचा फरक पडतो. संघाचा एक शॉट इकडेतिकडे झाला तर ०.१५. साधारण पाच मिनिटांचा फरकही तेवढाच.

सरासरीपासून शक्यतेपर्यंत

पॉइसन वितरण असं मानतं की शॉट एकमेकांपासून स्वतंत्र आणि एकाच गतीने येतात. प्रत्यक्षात तसं नसतं. एखाद्या दिवशी संघ पहिल्या मिनिटापासून दबाव ठेवतो, एखाद्या दिवशी लाल कार्ड मिळतं, एखादा शॉट अडला की तोच चेंडू परत येऊन दुसरा मारला जातो. त्यामुळे फैलाव सरासरीपेक्षा थोडा जास्त असतो. निगेटिव्ह बायनॉमियल वापरून फैलाव सरासरीच्या १.२ पट धरला. मिनिटांच्या अनिश्चिततेतून येणारा फैलावही त्यातच मोजला आहे. मिनिटांचं वाटप वेगळं चालवून वर पुन्हा १.२ लावला तर तोच फैलाव दोनदा धरला जाईल.

```python
from scipy.stats import nbinom
m, k = 2.35, 0.20        # सरासरी, जादा फैलाव
r = m / k
p = r / (r + m)
print(nbinom.sf(2, r, p))   # तीन किंवा जास्त
```

उत्तर ०.४०८. ओव्हरचा रास्त भाव २.४५, अंडरचा १.६९. पॉइसनने ०.४१७ दिलं असतं, म्हणजे मधल्या लाइनवर वितरणाची निवड फारशी बोलत नाही. टोकाला मात्र बोलते: पाच किंवा जास्त शॉट्सची शक्यता पॉइसनमध्ये ९ टक्के, इथे १०.७ टक्के. मोठ्या भावाच्या उंच लाइन पॉइसनवर काढून विकणारा तोट्यात जातो तो या फरकामुळे. खालच्या टोकालाही हेच. किमान एक शॉटची शक्यता ९०.५ वरून ८८.३ टक्क्यांवर येते.

शॉट ऑन टार्गेट: इथे आकडे सर्वात जास्त फसवतात

आधी व्याख्या. आकडेवारी गोळा करणाऱ्या ऑप्टा कंपनीच्या नियमात लक्ष्यावरचा शॉट म्हणजे गोल झालेला, गोलकीपरने अडवला नसता तर आत गेला असता असा, किंवा शेवटच्या बचावपटूने रेषेजवळ अडवलेला ज्याच्या मागे वाचवायला कुणी नव्हतं. खांबावर आदळून बाहेर आलेला शॉट लक्ष्यावर मोजला जात नाही. वाटेत बचावपटूच्या पायाला लागून अडलेला शॉट एकूण शॉट्समध्ये येतो, पण लक्ष्यावरच्यात येत नाही. खोल बचावासमोर हीच गोष्ट महागात पडते, कारण गर्दीत अडणारे शॉट वाढतात. तिथे शॉट्सचा ओव्हर आणि शॉट ऑन टार्गेटचा भाव हे एकाच दिशेने हलवणं चूक आहे.

हंगामाचा कच्चा दर २१ भागिले ५४, म्हणजे ३९ टक्के. पेनल्टी काढल्यावर ३५. विंगर म्हणून ३५ पैकी ११, म्हणजे ३१. मोठ्या लीगमध्ये साधारण तिसरा हिस्सा शॉट लक्ष्यावर असतात, आणि खेळाडूंमधला खरा फरक जितका दिसतो त्याहून बराच कमी असतो. एका हंगामात ४५ टक्के लक्ष्यावर मारणारा पुढच्या हंगामात ३४ वर आला तर त्यात आश्चर्य नाही. बहुतांश फरक शॉट कुठून मारला यातून येतो, पायाच्या अचूकतेतून थोडाच. म्हणून इथे वाट्यापेक्षाही जोरात मध्याकडे ओढावं लागतं. ३३ टक्क्यांना ८० शॉट्सचं वजन दिलं तर दर ३२.५ टक्के येतो.

मग शैलीचा परिणाम. समजा त्याचे ४५ टक्के शॉट एरवी बॉक्सबाहेरून असतात आणि आज ५५ टक्के असतील. बाहेरचे २७ टक्के आणि आतले ३८ टक्के लक्ष्यावर जातात असं धरलं तर फक्त जागा बदलल्याने एकूण दर एक टक्क्याने घसरतो. हे पुष्कळांना कमी वाटेल. बाकीची अर्धा टक्का छाट जादा अडणाऱ्या शॉट्ससाठी दिली आणि ३१ टक्के ठेवले. इथे उगाच मोठी छाट देण्याचा मोह आवरावा. ‘लो ब्लॉक म्हणजे लक्ष्यावर काहीच नाही’ हेही तितकंच खोटं.

अपेक्षित शॉट ऑन टार्गेट २.३५ गुणिले ०.३१, म्हणजे ०.७३. तोच `r` ठेवून, कारण प्रत्येक शॉट ठराविक शक्यतेने लक्ष्यावर जातो असं मानलं की आकार तोच राहतो, किमान एकची शक्यता ५०.७ टक्के आणि किमान दोनची १६.८ टक्के येते. रास्त भाव १.९७ आणि ५.९४.

बाजारात १.६० आणि ४.०० आहेत. कच्च्या सरासरीने काढलं असतं तर रास्त भाव १.४५ आणि ३.०७ आले असते आणि ४.०० ची शिट्टी वाजली असती. सर्वात मोठी फसगत या ‘किमान दोन’च्या भावात आहे. शॉट्स जास्त धरले, लक्ष्यावरचा दर जास्त धरला, आणि दोन्ही चुका एकमेकींना गुणल्या गेल्या. लाइन जितकी वर, तितका हा गुणाकार जास्त चावतो.

शिवाय हे एकतर्फी भाव आहेत. ‘किमान एक’ला विरुद्ध बाजू विकत घेता येत नाही, त्यामुळे त्यातला दुकानाचा नफा दोन भाव जोडून काढता येत नाही. त्याचा अंदाज घ्यायचा तर त्याच संघातल्या प्रत्येक खेळाडूच्या भावावरून अपेक्षित शॉट ऑन टार्गेट काढून बेरीज करा आणि संघाच्या एकूण शॉट ऑन टार्गेटच्या लाइनशी ताडून पाहा. बेरीज जितकी जास्त भरेल तितका नफा भावांत दडलेला.

बेरीज जुळते का

हीच तपासणी आपल्या आकड्यांवरही लावावी. एकट्या खेळाडूवर काम करताना सगळ्यांचे वाटे मिळून शंभर व्हावे लागतात हे विसरलं जातं. मिनिटांसकट मांडलं तर: स्ट्रायकर २१, आपला विंगर १४.७, डावा विंगर १४, त्यांच्या मागचा आक्रमक मिडफिल्डर १२, बाकी दोन मिडफिल्डर मिळून ११, दोन्ही फुलबॅक ७, दोन सेंटर-बॅक ९, बदली खेळाडू ११.३. बेरीज शंभर. आपल्या विंगरला कच्च्या हिशोबाचे ३ शॉट द्यायचे तर १६ पैकी १८.८ टक्के द्यावे लागतील, म्हणजे कुणाकडून तरी चार टक्के काढावे लागतील. कुणाकडून? स्ट्रायकर परतलेला असताना त्याच्याकडून तर नाहीच. या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो आकडा टिकत नाही.

मग अंडर घ्यायचा का?

अंडरला १.८३ आहे आणि आपला रास्त भाव १.६९. वरवर पाहता शंभरामागे आठ रुपयांची बढत. पण ही बढत सरासरी बरोबर २.३५ असली तरच आहे. सरासरी २.५४ निघाली तर बढत शून्य, म्हणजे आपल्याकडे ०.१९ शॉटची जागा आहे. वर पाहिलं तसं वाट्यातला दीड टक्का ती खाऊन टाकतो.

बाजार काय म्हणतो तेही काढता येतं. १.९० आणि १.८३ मधला नफा वजा केला की ओव्हर ४९.१ टक्के येतो, आणि त्याच वितरणात उलटं गेलं तर बाजाराची सरासरी २.७ निघते. म्हणजे बाजारही ३ वर नाही. भूमिकेचा बदल त्याने अर्धामुर्धा धरलाय. आपल्याला ठाऊक नसलेलं काही, उदाहरणार्थ प्रशिक्षक दोघांना पुढे ठेवून खेळवणार आहे असं, त्या २.७ मध्ये असू शकतं. आपला आणि बाजाराचा अंदाज निम्मे-निम्मे धरले तर सरासरी २.५२ येते आणि १.८३ वरची बढत जवळजवळ संपते. असा पूर्ण संशय प्रत्येक वेळी घ्यायची गरज नाही, पण मॉडेलची पूर्वपरीक्षा झालेली नसेल तर एवढा घ्यावाच. त्या हिशोबाने शंभरामागे पाचेक रुपयांची बढत हवी तर अंडर १.९१ च्या वर मिळाला तरच घेण्याजोगा, १.८३ ला सोडून द्यावा. किमान दोन शॉट ऑन टार्गेट ४.०० ला घेणं मात्र दोन्ही हिशोबांत चूकच. बाजाराकडे अर्धं झुकूनही रास्त भाव पाचच्या वरच राहतो.

टीमशीट आल्यावर

संघ जाहीर होतो आणि समजा स्ट्रायकर पुन्हा बाहेर आहे. सगळं गणित पुन्हा करायची गरज नाही, दोन पायऱ्या बदलतात. वाटा आता स्ट्रायकरच्या नमुन्यावरून: १६ भागिले ६७ हा आकडा २१ टक्क्यांच्या पातळीकडे ओढून २२.२ टक्के. मधे खेळणाऱ्याला बाजूच्या गर्दीची छाट लागू नाही. त्या सहा सामन्यांत तो सरासरी ७५ मिनिटे खेळला, म्हणून गुणक ०.८३. अपेक्षित शॉट २.९५, ओव्हरची शक्यता ५४.६ टक्के, रास्त भाव १.८३. म्हणजे एका नावाने ४०.८ चे ५४.६ झाले आणि १.९० चा ओव्हर, जो आधी टाळायचा होता, आता थोडा फायद्याचा. पेनल्टीही त्याच्याकडे परत येतात, त्या वर आणखी थोड्या. अर्थात हा भाव तेव्हा काही सेकंदच टिकतो.

घेण्याआधी निकालाचे नियम वाचून ठेवावेत, कारण ते सगळीकडे एकसारखे नसतात. खेळाडू बदली म्हणून उतरला तर काही ठिकाणी पैज चालू राहते, काही ठिकाणी रद्द होते. बाद फेरीत जादा वेळ सहसा धरला जात नाही. शॉट मोजणारी संस्था कोणती आणि सामन्यानंतर दुरुस्त झालेला आकडा मान्य करतात की नाही, हे २.५ च्या लाइनवर थेट पैशांत दिसतं.

सामना झाल्यावर त्याने किती शॉट मारले हे लिहिण्याआधी चार गोष्टी लिहाव्यात: मिनिटे, तो मैदानावर असताना संघाचे शॉट, त्यातला त्याचा वाटा, आणि बॉक्सबाहेरून मारलेल्यांचं प्रमाण. त्याने चार मारले पण संघानेच २४ मारले असतील तर वाट्याचा अंदाज बरोबर होता, संघाच्या शॉट्सचा चुकला. त्याने एकच मारला पण ५८व्या मिनिटाला बाहेर गेला असेल तर वाट्याला हात लावायचा नाही. अशा नोंदींचे पन्नास-साठ सामने झाले की ०.९५, ०.८५ आणि ३१ टक्के यांपैकी नेमका कोणता आकडा सतत एकाच बाजूला चुकतोय ते दिसायला लागतं, आणि तेवढाच बदलायचा.